हातात असलेले पैसे एफडीत, पगारातले आरडीत

अरे, फ्लॅटसाठी पैसे जमवताना एफडी आणि आरडी दोन्हीचा व्याजदर ७ टक्के दिसतोय म्हणून गोंधळू नकोस. ३ लाख ६० हजारांची एफडी १८ महिने ठेवलीस तर साधारण ३९ हजार व्याज येतं, आणि तेच २० हजार दरमहा आरडीत १८ महिने भरलेस तर जेमतेम २० हजार. बँक फसवत नाही रे, पहिला हप्ता १८ महिने व्याज खातो आणि शेवटचा फक्त एकच महिना, एवढंच.

म्हणजे तुझ्याकडे आत्ता पडलेले ३ लाख आरडीत थोडे थोडे टाकायचे नाहीत, सरळ एफडी. आणि पगारातून उरतील ते आरडीत. दर उघडताना ठरतो तोच शेवटपर्यंत राहतो.

पण एफडी एकच करू नकोस, १-१ लाखाच्या तीन कर. मी बडोद्यात मांजलपूरला फ्लॅट बघत होतो तेव्हा बिल्डरला बानाखतासाठी, म्हणजे फ्लॅटच्या विक्री करारासाठी, अचानक १ लाख हवे झाले, आणि माझी सगळी रक्कम एकाच एफडीत, अख्खी मोडावी लागली! मोडली की जेवढे दिवस पैसे राहिले तेवढ्या मुदतीचा दर लागतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. तीन असत्या तर एकच मोडली असती.

आरडीची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची घे, हप्ता चुकला की दंड बसतो. आणि मुदत बिल्डरला पैसे द्यायच्या महिनाभर आधी संपेल अशी ठेव, कारण तारखा नेहमी अलीकडेच सरकतात (आमच्याकडे तरी).