'सिंगर्स फॉर्मंट' म्हणजे स्वर नव्हे

प्रश्न : 'सिंगर्स फॉर्मंट'साठी एका लेखात 'गायकाचा विशेष स्वर' असं वाचलं. हे बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?

नाही, बरोबर नाही. स्वर तर गायक सतत बदलत राहतो, फॉर्मंट मात्र जवळपास जागेवरच असतो. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी काही ठरावीक कंपनसंख्यांना उचलून धरते. या प्रत्येक अनुनादाला फॉर्मंट म्हणतात. पहिले दोन 'आ' की 'ई' हे ठरवतात. तिसरा, चौथा आणि पाचवा एकमेकांना चिकटले की साधारण 2800 हर्ट्झच्या आसपास जो उंचवटा तयार होतो, तो सिंगर्स फॉर्मंट.

समजा, ऑपेरात एक पुरुष गायक वाद्यवृंदासोबत 196 हर्ट्झचा स्वर लावतोय. त्या स्वराच्या पटीतली कंपनंही आवाजात असतात. त्यातलं चौदावं 2744 वर आणि पंधरावं 2940 वर येतं. एरवी ती क्षीण असतात, पण इथे नेमकी उंचवट्यात सापडतात आणि उजळतात. वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर 500 हर्ट्झच्या जवळपास असतो, वर जावं तसा तो ओसरत जातो. शिवाय 3000च्या आसपास आपला कान फार तीक्ष्ण असतो. म्हणून एकटा माणूस वाद्यवृंदावरूनही मायक्रोफोनशिवाय ऐकू येतो. जोर लावून नव्हे, मोकळी जागा गाठून!

ही जागा कशी गाठतात, हे स्वीडनचे आवाज-संशोधक योहान सुंडबेर्ग यांनी 1970च्या दशकात उलगडलं. कंठमण्यावर बोट ठेवून जांभईला सुरुवात करा, स्वरयंत्र खाली सरकलेलं कळेल. त्याने वरचा घसा रुंदावतो. स्वरतंतूंच्या लगेच वरची नळी मात्र अरुंद राहायला हवी. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ वरच्या घशाच्या एक षष्ठांशाहून कमी असेल, तर ती नळी स्वतंत्रपणे घुमू लागते. जिभेचं मूळ दाबून स्वरयंत्र बळेच खाली ढकललं, तर आवाज नुसता जाड आणि दबका होतो. आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात फरक लगेच दिसतो: जमलं असेल तर 'आ'वरून 'ई'वर गेलं तरी 2800जवळचा ठळक पट्टा हलत नाही.

सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका, यांच्या उंच स्वरांना हे लागू नाही. 880 हर्ट्झवर पटीतली कंपनं इतकी विरळ होतात की उंचवट्यात एखादं सापडेलच असं नाही. त्या जबडा उघडून पहिला फॉर्मंटच मूळ स्वरापर्यंत वर नेतात. म्हणून तिथे शब्द कळेनासे होतात.

आता शब्द. 'घुमारा' मला मोहात पाडतो, पण त्यात खर्जाची छटा आहे. इथे आवाज खणखणीत होतो. मी 'गायकाचा अनुनादपुंज' म्हणेन, कारण तीन अनुनाद एकत्र येणं हेच यातलं मर्म आहे. सुटा 'फॉर्मंट' मात्र तसाच ठेवावा.