व्हीएआर असूनही फुटबॉलमध्ये चुकीची फ्री किक तशीच का राहते? मग तो तपासतो तरी काय?

२०१८ च्या वर्ल्ड कपची फायनल मिळाली तर पुन्हा बघा. फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया, मॉस्को. व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्या अधिकाऱ्याला, काय बघता येतं आणि काय नाही, ते या एकाच सामन्यात वीस मिनिटांच्या अंतराने दिसतं.

अठराव्या मिनिटाच्या सुमारास ग्रीझमन पडला आणि फ्रान्सला पेनल्टी एरियाच्या बाहेर फ्री किक मिळाली. धक्का लागण्याआधीच तो पडायला लागला होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्याच किकवर चेंडू मांझुकिचच्या डोक्याला लागून क्रोएशियाच्याच गोलमध्ये गेला. तरी ती फ्री किक तपासता येत नव्हती. त्या वेळच्या नियमांत चारच गोष्टी होत्या: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. गोल तपासताना मागे जाता येतं, पण ज्या किकने खेळ पुन्हा सुरू झाला तिच्यापर्यंतच. त्यानंतरचा ऑफसाइड किंवा फाऊल बघता येतो, ती किक मुळात द्यायला हवी होती का, हे नाही. क्रोएशियाच्या बाजूने बघणाऱ्याला हे फार लागतं. पण ही मर्यादा नसेल तर प्रत्येक गोलसाठी किती मागे जायचं, याला अंतच उरत नाही.

पुढे फ्रान्सच्या कॉर्नरवर चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. रेफरी पिताना यांनी काहीच दिलं नव्हतं. फ्रान्सचे खेळाडू हात दाखवत त्यांच्याभोवती जमले. पण रेफरी थांबतो तो खेळाडूंच्या मागणीमुळे नाही. क्रिकेटच्या डीआरएससारखा रिव्ह्यू मागायचा हक्क इथे कुणालाच नाही. व्हिडिओ रूममधले अधिकारी अशा घटना स्वतःहून तपासत असतात आणि निर्णय उघड चुकला असेल किंवा गंभीर गोष्ट नजरेतून सुटली असेल, तरच रेफरीला कानात सांगतात. ऑफसाइडसारखी वस्तुस्थितीची बाब असेल तर बहुधा तेवढ्यावर भागतं. हाताला लागलेला चेंडू हा गुन्हा धरायचा का, यात मात्र रेफरीचं मत लागतं. म्हणून पिताना हवेत चौकोन काढून मैदानाच्या कडेच्या स्क्रीनकडे गेले.

तिथे स्लो मोशन जपून वापरावं लागतं. चेंडू हाताला नेमका कुठे लागला, हे त्यात कळतं. पण टॅकल किती जोरात होता किंवा खेळाडूला हात बाजूला घ्यायला वेळ होता का, यासाठी नेहमीच्या वेगातलंच चित्र बघायला हवं, कारण संथ केलं की सगळंच मुद्दाम केल्यासारखं वाटतं. पेरिसिचच्या पुढ्यात फ्रान्सच्या मात्वीदीने उडी मारली होती आणि चेंडू त्याच्या मागून अचानक आला. पिताना स्क्रीनपासून निघाले, दोन पावलांवरून परत फिरले, पुन्हा पाहिलं आणि मगच पेनल्टी दिली.