दोन कंपन्या, एकच बाजार: मॅक्समिन आणि खेळाचं मूल्य

प्रश्न: अ आणि ब या दोनच कंपन्या. अ चा वाटा किती टक्के-बिंदूंनी वाढतो ते खाली दिलंय. मॅक्समिन डावपेच आणि खेळाचं मूल्य कसं काढू?

```
            ब: जाहिरात   ब: सवलत
अ: जाहिरात      4          -2
अ: सवलत        -1           3
```

उत्तर: आधी सॅडल पॉइंट आहे का ते बघा. ओळींचे किमान -2 आणि -1, म्हणजे एकच चाल धरून बसल्यास अ ला -1 चीच हमी. स्तंभांचे कमाल 4 आणि 3, त्यातलं लहान 3. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून मिश्र डावपेच लागणार. (ही तपासणी गाळून थेट सूत्र वापरलं की कधीकधी संभाव्यता ऋण किंवा 1 पेक्षा मोठी येते.)

अ ने p संभाव्यतेने जाहिरात केली असं धरा. ब ने काहीही केलं तरी अ ची अपेक्षित कमाई सारखीच राहायला हवी:

```
4p - (1-p) = -2p + 3(1-p)
p = 0.4, मूल्य = 1
```

ब साठी तसंच करा: त्याच्या जाहिरातीची संभाव्यता q = 0.5, आणि तोटा पुन्हा 1. म्हणजे ब कितीही हुशार असला तरी अ सरासरी 1 टक्के-बिंदू मिळवणारच. मात्र 0.4 म्हणजे ठरावीक पाळी नव्हे. क्रम ओळखता आला की हमी गेली.

जाहिरातीने एकूण बाजारच वाढत असेल, तर नफ्याच्या हिशोबात हा शून्य-बेरजेचा खेळ उरत नाही.