दत्तक मुलीला केव्हा आणि कसे सांगावे?

प्रश्न: आठ महिन्यांची असताना दत्तक घेतलेली आमची मुलगी आता अडीच वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, मोठी झाल्यावर सांगा. नेमके केव्हा आणि कसे सांगावे?

उत्तर: आजपासूनच सांगू लागा, मात्र आधी सासूबाईंशी बोलून घरातले शब्द ठरवून घ्या. दत्तक संस्थेत समुपदेशन करताना मी पाहिले आहे की, ज्यांना हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून कळते, त्यांना दत्तक असण्यापेक्षा आईवडिलांनी लपवल्याचेच अधिक लागते. ‘खरी आई’, ‘बिचारी’, ‘उपकार’ हे शब्द टाळावेत आणि ‘जन्मदाती’ म्हणावे, एवढे आजीने पाळले तरी पुष्कळ आहे. मुलीला घरी आणल्या दिवसाचे फोटो दाखवत सांगा: “तू एका बाईच्या पोटातून जन्मलीस, संस्थेतल्या मावशींनी तुला सांभाळले आणि मग आम्ही तुला घरी आणले.” पाच-सहा वर्षांची झाल्यावर “तिने मला का ठेवले नाही?” असे ती विचारील, तेव्हा “तिला बाळ सांभाळणे शक्य नव्हते, त्यात तुझी काही चूक नव्हती,” असे सांगावे आणि माहीत नसलेले रचून सांगू नये. मात्र जन्मदातीच्या परिस्थितीचा तपशील नातेवाइकांना देऊ नका. तो मुलीचा आहे आणि 2022 च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी ती स्वतः अर्ज करू शकते.