मिरवणुकीचा रस्ता

प्रिय पोरी,

तुझ्या पेपरचा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण पहिल्याच पानावर एक शब्द मला खटकला, तो म्हणजे ‘आपोआप’. तू लिहिलंयस की गणपती हे सगळ्यांचं श्रद्धास्थान, त्यामुळं टिळकांच्या काळात लोक आपोआप एकत्र आले. अगं, श्रद्धा तर 1892 लाही होतीच की, मग रस्त्यावरची ती गर्दी 1894 लाच का दिसली? तुझा सगळा पेपर ह्या एका प्रश्नावर उभा राहू शकतो.

क्रम नीट लाव. ऑगस्ट 1893 मधे मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्याच्या आधी पुण्यात हिंदू लोक मोहरमच्या ताबूतांत सर्रास सामील व्हायचे, स्वतः ताबूत बसवायचे, वाजवायलाही जायचे. 1894 ला त्यावर बहिष्काराची हाक आली आणि त्याच वर्षी सार्वजनिक गणपती मोठ्या प्रमाणावर बसले, ‘केसरी’नं उचलून धरलं. (पहिला गणपती कोणी बसवला ह्या वादात पडू नको, तुझा प्रश्न तो नाही.) आता बघ, नव्या उत्सवात काय काय आलं. ठरलेले दहा दिवस, गाणी म्हणत फिरणारे पोरांचे मेळे, शेवटच्या दिवशी सगळ्यांची मिळून विसर्जन मिरवणूक. ह्यातलं बरंचसं मोहरममधे लोकांनी पाहिलेलं, केलेलं होतं. म्हणजे देव घरातलाच होता, रस्त्यावर यायची रीत मात्र शेजारच्या सणातनं आली, आणि ती आली त्या सणापासून माणसं तोडताना. हे तुझ्या मसुद्यात कुठंच नाही.

दुसरं म्हणजे सरकार. 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द दिलेला, त्यामुळं राजकीय सभेवर हात टाकणं सोपं होतं, आरतीवर अवघड. मेळ्याच्या पदात शिवाजी यायचा, पुढं स्वदेशीही आली, आणि मंडळाच्या निमित्तानं वर्गणी, कार्यकर्ते, गल्लीगल्लीतली ओळख असं सगळं वर्षानुवर्षं तयार होत गेलं. प्रतीक म्हणजे नुसतं चित्र नाही ग, त्याच्या मागं तारीख, पैसा, पोरं आणि रस्ता असतो. त्यातला रस्ता सगळ्यात महत्त्वाचा, कारण मिरवणूक कुठून न्यायची ह्यावरच ‘आपण’ आणि ‘ते’ ठरतं.

ह्याचं उदाहरण शोधायला पुण्याला जायची गरजच नाही. आपल्या धुळ्याचा खुनी गणपती घे. 1895 ला मिरवणूक मशिदीसमोर आली, वाद्यांवरून वाद पेटला, रक्त सांडलं, आणि मशिदीला अन् गणपतीला दोघांनाही ते नाव चिकटलं. आज त्याच जागी पालखी थांबते आणि मशिदीतली मंडळी गणपतीवर फुलं टाकतात. मी गर्दीत उभं राहून हे पाहिलंय, पालखी थांबली की दोन्हीकडची म्हातारी माणसं एकमेकांना नावानं हाक मारतात. गणपती तोच, मशीद तीच, रस्ताही तोच. मग ‘प्रतीकामुळं तेढ झाली’ असं तू लिहूच कसं शकतेस? फरक पडला तो माणसांनी त्या जागेवर काय करायचं ठरवलं ह्यानं, आणि ते कोणी, कधी, कसं ठरवलं हे तुला शोधायचंय.

अजून एक, ‘एकत्र आले’ म्हणजे नेमके कोण? 1920 च्या दशकात पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी छत्रपती मेळा काढला, तोच उत्सव, तीच मेळ्याची पद्धत, पण गाणी ब्राह्मणी वर्चस्वाच्या विरोधात. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1869 लाच, जोतीरावांनी शिवाजीचा पोवाडा लिहून त्याला कुळवाडीभूषण, म्हणजे शेतकऱ्यांचं भूषण, म्हटलं होतं. म्हणजे एकाच प्रतीकावर दोन-तीन दावे. हे तू तळटीपेत ढकलू नको, मुख्य मजकुरात घे, नाहीतर पेपर टिळकांची चरित्रकथा होऊन बसेल.

साधनांबद्दल जपून. पोलिसांच्या कागदात प्रत्येक मेळा राजद्रोही दिसतो आणि ‘केसरी’ तर स्वतःच एक बाजू होता, म्हणून दोघांची एकाच प्रसंगाची हकिगत शेजारी ठेवून वाच. मेळ्यांची पदं मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण रस्त्यावर पोरांच्या तोंडी काय होतं ते तिथंच कळतं. जुने कागद शोधताना लक्षात ठेव, 1906 पर्यंत पूर्व-पश्चिम असे भाग नव्हते, सगळा एकच खानदेश जिल्हा होता, तेव्हा 1895 चं काही धुळ्याच्या नावानं सापडलं नाही तर खानदेश म्हणून बघ. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एक चक्कर टाकच.

आणि विसर्जनाच्या दिवशी वही घेऊन मशिदीपाशी दुपारीच जाऊन उभी राहा, पालखी यायच्या आधी तिथं कोण येतं, रस्ता कोण मोकळा करतं, फुलं कोण आणून ठेवतं ते लिहून घे, मग दुसरं प्रकरण पुन्हा लिहायला बसू.

तुझा,
सर