सहाव्या दिवशी पुन्हा गाठ पडली, घाबरू का?

"ताई, मी २४ वर्षांची, कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सात आठवड्यांची गरोदर सांगितलं आणि गर्भपाताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या टप्प्याच्या गोळ्या शनिवारी घेतल्या, तेव्हा खूप गेलं, मग कमी झालं. आज गुरुवारी सकाळी उठले तर लिंबाएवढी गाठ पडली, परत कळाही आल्या. दिवसभरात तीन पॅड झाले. घरी माहीत नाही."

अगं, आधी एक विचारते, रात्रभर आडवी होतीस ना? झोपलेलं असताना रक्त आत साचतं, गोठतं, आणि उभं राहिलं की ती गाठ एकदम खाली येते, आधी पिशवी आवळते म्हणून कळ येते. बहुतेक तेच झालंय. दुसऱ्या गोळ्यांनंतर पहिले काही तास सगळ्यात जास्त जातं, ते तू शनिवारी पाहिलंस, पण त्यानंतर साधारण दोन आठवडे कमी-जास्त चालूच राहतं आणि काहींना पुढच्या पाळीपर्यंत डाग दिसतात. सरळ रेषेत कमी होत नाही ते, एखादा दिवस मध्येच वाढतोच.

तर गाठ बघून नाही, घड्याळ बघून ठरव. तासाभरात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तेच चाललं तर थांबायचं नाही, चक्कर येत असेल तर त्याचीही वाट बघायची नाही, मैत्रिणीला उठव आणि सरळ हॉस्पिटल गाठ, नाहीतर १०८ लाव. तुझे दिवसाला तीन पॅड यापासून बरेच लांब आहेत.

दुसरं म्हणजे ताप. गोळ्या घेतल्या त्या दिवशी थंडी वाजून अंग तापतं, ते गोळीमुळे. पण आता सहाव्या दिवशी १००.४ किंवा जास्त भरला, घाण वास यायला लागला, किंवा डॉक्टरांनी दिलेल्या आयब्युप्रोफेननेही पोटदुखी हटत नसेल, तर इन्फेक्शन किंवा आत काही राहिलंय का ते बघावं लागतं, त्याच दिवशी जा. थर्मामीटर नसेल तर आत्ताच मेडिकलमधून आण, हात लावून ताप कळत नाही गं.

आणि घरी प्रेग्नन्सी टेस्ट करत बसू नकोस, सगळं नीट झालेलं असलं तरी ती तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, उगाच रडशील. दोन आठवड्यांची तपासणी मात्र चुकवायची नाही, बरं वाटत असलं तरी. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल आणि अजून कोणी विचारलं नसेल तर उद्याच डॉक्टरांना फोन करून सांग.

घरी कळेल म्हणून हॉस्पिटल टाळू नकोस. तू सज्ञान आहेस, सही फक्त तुझी लागते आणि नाव गुप्त ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आज रात्री झोपताना नवा पॅड लाव आणि किती वाजता लावलास ते मोबाईलमध्ये लिहून ठेव.