सोळाव्या भागाला थांबण्यामागचं कारण

प्रश्न: 'क्रॅश लँडिंग ऑन यू' एवढी गाजली, तरी दुसरा सीझन का नाही आला? कोरियन मालिका १६ भागांतच का गुंडाळतात?

गुंडाळत नाहीत हो, संपवतात. या दोन्हींत काय फरक असतो ते मी जवळून बघितलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

सोळा हा आकडा वेळापत्रकातून येतो. तिकडे रात्रीच्या मुख्य वेळेतल्या मालिका बहुतेक करून आठवड्याला दोनच दिवस लागतात. सोम-मंगळ, बुध-गुरू किंवा शनि-रवि अशा जोड्या ठरलेल्या. दोन भाग गुणिले आठ आठवडे, झाले सोळा. एकेक भाग तासाचा, सव्वा तासाचा, कधी त्याहून मोठा. तुमच्याच मालिकेचं बघा. १४ डिसेंबर २०१९ च्या शनिवारी टीव्हीएन वाहिनीवर ती सुरू झाली. जानेवारीच्या पहिल्या शनि-रविवारी भाग लागला नाही, आणि २५ तारखेला त्यांचं चांद्र नववर्ष आल्यामुळे तोही आठवडा सुटला. शेवटचा भाग लागला १६ फेब्रुवारी २०२० ला. त्या रात्री २१ टक्क्यांच्या वर रेटिंग गेलं, जे त्या वाहिनीवर तोवर कुठल्याच मालिकेला मिळालं नव्हतं. आणि पुढच्याच शनिवारी, २२ तारखेला, त्याच वेळेला 'हाय बाय, ममा!' ही वेगळीच मालिका सुरू झाली. तीही १६ भागांचीच.

म्हणजे विक्रम झाला तेव्हा पुढची मालिका दारात उभी होती. आपल्याकडे अशा वेळी पुढच्या मालिकेला सांगतात, "तुम्ही थांबा जरा."

मी काही वर्षं एका मराठी वाहिनीवरच्या रोजच्या मालिकेचे संवाद लिहीत होते. कोकणातलं घर, दोन भाऊ, एक बहीण आणि घराची वाटणी, अशी गोष्ट होती. शेवट आधीच लिहून ठेवला होता. आई सगळ्यांसमोर कागद फाडते आणि घर बहिणीच्या नावावर करते. त्या शेवटाकडे बघत बघतच आम्ही पहिले भाग लिहिले. आई पहिल्या आठवड्यापासून कपाटाची किल्ली कमरेला का लावते, धाकटा भाऊ माजघरात पाऊल का टाकत नाही, हे सगळं शेवटी उलगडायचं होतं. मालिका चालली. दर गुरुवारी टीआरपी यायचा आणि चांगला यायचा. मग क्रिएटिव्ह हेडनी मीटिंगमध्ये सांगितलं, "वाटणी झाली की गोष्ट संपली. म्हणून वाटणी करायची नाही."

झालं. मृत्युपत्र हरवलं. मग सापडलं, पण खोटं निघालं. मग मुंबईहून एक सावत्र भाऊ आला, ज्याचा पहिल्या शंभर भागांत कुणी उच्चारसुद्धा केला नव्हता. मूळ नायिका दुसरं काम घेऊन गेली आणि एका सोमवारी नवी मुलगी तिच्या जागी उभी राहिली. किल्लीचं काय करायचं ते कुणाला सुचेना, म्हणून ती आईच्या कमरेवरून गुपचूप काढली. पुढे टीआरपी पडला, वेळ बदलली, आणि एक दिवस निरोप आला की दोन आठवड्यांत आवरा. कागद फाडायचा तो प्रसंग अर्ध्या दिवसात उरकला. बघणाऱ्याला त्याचा अर्थच लागला नसेल, कारण तो कागद मूळचा होता की खोटा हे आम्हीच विसरलो होतो.

मी तेव्हा भांडले होते. मला उत्तर मिळालं, "ताई, प्रेक्षक शेवटासाठी बघत नाही, सवयीने बघतो. मालिका बंद करतात ती चालत नाही म्हणून. चालणारी कोण बंद करतं?"

कोरियात करतात. त्याचं एक कारण लेखक. तिथे बहुतेक वेळा सोळाच्या सोळा भाग एकच मुख्य लेखक किंवा लेखिका लिहिते, हाताखाली मदतनीस असले तरी. 'क्रॅश लँडिंग'ची लेखिका पार्क जी-उन. तिने गोष्ट कशी कापलीय बघा. पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून नायिका उत्तर कोरियात पडते. आता तिला परत कसं पाठवायचं, हा प्रश्न आपण तीनशे भाग ताणला असता. इथे मालिकेचा मध्य ओलांडला की ती सोलला परतलेलीसुद्धा असते, आणि उरलेल्या भागांत डाव उलटतो. आता तिच्या प्रेमात पडलेला उत्तर कोरियाचा कॅप्टन परक्या मुलखात आणि ती घरची. दोन्ही बाजूंना अंदाजे सारखी जागा मिळते. शेवट किती भाग लांब आहे हे माहीत असल्याशिवाय अशी मांडणी करता येत नाही. (ज्यांनी बघितली नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडा.) शेवटी सीमा तशीच राहते, आणि ती दोघं दरवर्षी स्वित्झर्लंडमध्ये थोडे दिवस भेटतात. दुसरा सीझन काढायचा तर एक तर हे मोडायला हवं, नाहीतर दोन कोरियांमधली सीमा उघडायला हवी.

दुसरं कारण व्यवहाराचं. तिथे नट, दिग्दर्शक, तंत्रज्ञ त्या एका मालिकेपुरते जमतात. संपली की पांगतात, आणि गाजलेल्या नटाचा भाव पुढच्या वेळी वर गेलेला असतो. तरुण नट असेल तर सुमारे दीड वर्षाची सक्तीची लष्करी सेवा बाकी असू शकते. शिवाय परदेशात हक्क विकायला पुरी झालेली गोष्ट बरी पडते.

आता हेही सांगायला हवं की सगळंच सोळात बसत नाही. ऐतिहासिक मालिका लांब असतात. 'जुमोंग' ६० भागांची ठरली होती, लोकप्रिय झाली म्हणून ८१ पर्यंत नेली. म्हणजे मोह त्यांनाही होतो. शनि-रविच्या कौटुंबिक मालिका पन्नासच्या आसपास जातात, आणि रोजच्या मालिका शंभराच्या पुढे. सीझनही निघतात. 'हॉस्पिटल प्लेलिस्ट' तर आधीपासूनच सीझनमध्ये आखली होती, आठवड्याला एकच भाग, १२ अधिक १२. 'डॉक्टर रोमँटिक' आणि 'टॅक्सी ड्रायव्हर'चे तीन-तीन झाले, कारण तिथे रुग्ण किंवा गुन्हा बदलला की नवी गोष्ट मिळते. प्रेमकथेला ती सोय नाही. नेटफ्लिक्ससाठीच बनलेल्या मालिका तर बऱ्याचदा ६ ते १२ भागांतच आटोपतात. आणि २०१७ ते २०२१ मधल्या एखाद्या मालिकेपुढे ३२ भाग लिहिलेले दिसले तर घाबरू नका. तेव्हा मोठ्या वाहिन्यांना मालिकेच्या मध्येच जाहिरात दाखवायला बंदी होती, म्हणून त्या एका रात्रीच्या भागाचे दोन तुकडे करून मधल्या फटीत जाहिराती घालत. 'व्हाइल यू वेअर स्लीपिंग' तशीच ३२ ची, म्हणजे मुळात १६ च.

तेव्हा दुसऱ्या सीझनची वाट बघण्यापेक्षा लेखिकेचं नाव लक्षात ठेवा आणि तिची पुढची मालिका शोधा. प्रेक्षक सवयीने बघतो म्हणणाऱ्या त्या साहेबांनाही मला हेच दाखवायचंय. पार्क जी-उनने गोष्ट पुढे ओढली नाही. नवे नट, नवं लग्न, नवं भांडण घेऊन ती २०२४ मध्ये त्याच वाहिनीवर, त्याच शनि-रविच्या वेळेला 'क्वीन ऑफ टीअर्स' घेऊन आली. भाग सोळाच. शेवटच्या रात्री रेटिंग २४ टक्क्यांच्या वर गेलं आणि 'क्रॅश लँडिंग'चा विक्रम मोडला.